परीक्षकाची शंका आणि साऱ्याचा जुना बंदोबस्त

अर्थशास्त्राच्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठवला की संपादक तो दोन-तीन जाणकारांकडे वाचायला देतात. या परीक्षकांची नावं लेखकाला कळत नाहीत. काही महिन्यांनी त्यांची टिपणं येतात आणि त्यांत बहुतेक वेळा एक वाक्य कुठल्या तरी रूपात असतंच: ‘लेखकांनी ज्या घटकाला कारण मानलं आहे, तो एक्झॉजेनस आहे, हे मला पटलेलं नाही.’ निबंध छापला जाणार की परत येणार, हे बऱ्याचदा या एका वाक्याला दिलेल्या उत्तरावर ठरतं. हे उत्तर म्हणजे संपादकांना लिहिलेलं मुद्देसूद पत्र असतं. कधी कधी ते निबंधाइतकंच लांब होतं.

परीक्षकाची शंका नेमकी काय असते? क्लासला जाणाऱ्या मुलांना जास्त गुण मिळतात, असं एखाद्याने आकडे मांडून दाखवलं, तर आपण लगेच विचारतो की क्लासला कोण जातं? ज्या घरात पैसा आहे, आईवडील अभ्यासाकडे लक्ष देतात, त्याच घरातली मुलं जात असतील, तर गुण क्लासमुळे वाढले की घरामुळे? क्लास मुलांच्या वाट्याला कसा आला, हे ठरवणारी गोष्टच गुणही ठरवत असेल, तर दोन्हींची गल्लत होते. घटकाचं वाटप अशा कुठल्याही दडलेल्या कारणापासून स्वतंत्र असेल, तरच त्याला एक्झॉजेनस म्हणतात. परीक्षक विचारतो ते एवढंच: तुमचा घटक लोकांच्या किंवा जिल्ह्यांच्या वाट्याला आला कसा?

या प्रश्नाला उत्तर कसं द्यावं, हे शिकायला मला एक निबंध फार मोलाचा वाटतो. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी तो लिहिला आणि 2005 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये तो छापून आला. विषय आपल्या ओळखीचा आहे: इंग्रजांनी जमीनमहसुलाची जी पद्धत लावली, तिचा परिणाम स्वातंत्र्यानंतरच्या शेतीवर उरला का? बंगाल-बिहारमध्ये 1793 च्या कायमधाऱ्याने जमिनीची मालकी जमीनदाराला मिळाली आणि सारा भरण्याची जबाबदारीही त्याचीच झाली. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत मुख्यतः रयतवारी आली. तिथे सरकारचा व्यवहार थेट कसणाऱ्याशी होता. वायव्य प्रांत आणि पंजाबात बऱ्याच ठिकाणी गाव मिळून सारा भरत असे. बॅनर्जी आणि अय्यर यांनी ब्रिटिश अमलाखालच्या जिल्ह्यांची या पद्धतींनुसार विभागणी केली आणि 1956 ते 1987 या काळातली त्यांची शेतीची आकडेवारी तपासली. जिथे जमीनदारी नव्हती तिथे गव्हाचं सरासरी उत्पन्न 23 टक्के जास्त दिसलं. सिंचन जास्त होतं, खतं जास्त वापरली जात होती, आणि बालमृत्यूचं प्रमाणही बरंच कमी होतं.

परीक्षकाची टिपणं गोपनीय असतात. पण निबंधाच्या मांडणीवरून शंका कुठल्या होत्या ते ओळखता येतं, कारण निबंधाचा मोठा भाग याच एका प्रश्नाला वाहिलेला आहे. शंका तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडून पाहू. इंग्रजांनी चिठ्ठ्या टाकून जिल्हे वाटले नव्हते. कदाचित जिथे जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि सारा गोळा करणं कठीण, तिथे त्यांनी जमीनदार नेमून जबाबदारी त्याच्या गळ्यात घातली असेल. तसं असेल तर आजची कमी उत्पन्नं हलक्या जमिनीची आहेत, जमीनदारीची नव्हेत. किंवा जिथे पूर्वीपासून बलदंड सरंजामदार होते आणि रयत आधीच पिचलेली होती, तिथेच जमीनदारी आली असेल. किंवा बंगाल सर्वांत आधी कंपनीकडे गेला म्हणून तिथली लूट सर्वांत लांबली, आणि आपण त्या लांबलेल्या राजवटीलाच जमीनदारी समजतो आहोत.

अशा शंकेला दिलेली काही उत्तरं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत आणि ती टिकत नाहीत. सर्वांत फसवं उत्तर असं असतं: ‘आम्ही मॉडेलमधून उरलेली चूक आणि आमचा घटक यांचा परस्परसंबंध मोजला, तो शून्य आला.’ तो शून्यच येणार. लघुतम वर्गांची रेषा काढण्याची रीतच अशी आहे की उरलेला भाग आणि मॉडेलमधला घटक यांच्यात संबंध उरत नाही. डेटा कितीही बिघडलेला असला तरी हा आकडा शून्यच राहतो. परीक्षक विचारतो आहे ते आपल्याला न दिसणाऱ्या खऱ्या चुकीबद्दल, आणि हा आकडा तिच्याविषयी काहीच सांगत नाही. दुसरं उत्तर म्हणजे घटकाची एक वर्ष आधीची किंमत वापरणं. जमीन, हवामान, सामाजिक रचना अशा गोष्टी वर्षभरात बदलत नाहीत, त्यामुळे दडलेलं कारण गेल्या वर्षीही तिथेच असतं. तिसरं उत्तर आणखी दहा घटक मॉडेलमध्ये घालण्याचं. त्याने थोडं साधतं, पण जे मोजलंच नाही त्याचा प्रश्न तसाच राहतो.

बॅनर्जी आणि अय्यर यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक प्रतिस्पर्धी कहाणी खरी असती तर आकड्यांत काय दिसलं असतं, हे त्यांनी आधी ठरवलं, आणि मग ते दिसतं का हे पाहिलं.

सुरुवात त्यांनी निर्णयांच्या इतिहासापासून केली. कुठे कुठली पद्धत आली, हे ठरवण्यात माणसांच्या मतांचा मोठा वाटा होता. कॉर्नवॉलिसला इंग्लंडमधल्यासारखा जमीनधारक वर्ग हवा होता. मद्रासमध्ये थॉमस मन्रो रयतवारीचा कट्टर पुरस्कर्ता होता. तिथल्या महसूल मंडळाचा विरोध होता, तरी त्याने लंडनच्या संचालकांना आपल्या बाजूला वळवलं आणि 1820 मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाल्यावर इलाख्यात रयतवारी पक्की झाली. मुंबईत एल्फिन्स्टनचा कल त्याच दिशेला होता. पुढे 1857 नंतर वारं पुन्हा फिरलं. अवध 1856 मध्ये खालसा झालं तेव्हा इंग्रजांनी तालुकदारांना बाजूला सारून थेट गावकऱ्यांशी बंदोबस्त केला होता. उठावात बरेच तालुकदार इंग्रजांविरुद्ध गेले आणि गावकरीही त्यांच्याच मागे उभे राहिले. तेव्हा कॅनिंगने तालुकदारांनाच जमिनी परत देऊन त्यांना आपलंसं केलं. जमीन तीच, पिकं तीच, आणि काही वर्षांत धोरण उलटं. उत्तरात हा इतिहास हवाच, कारण त्यामुळे वाटप निदान काही अंशी योगायोगाने झालं असणं शक्य वाटतं. पण शक्य वाटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, आणि चांगला परीक्षक तिथे थांबत नाही.

पुढचा टप्पा मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. लेखकांनी दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांची जमीन आणि हवामान शेजारी ठेवलं, आणि फरक लपवले नाहीत. जमीनदारीच्या जिल्ह्यांत पाऊस जास्त आणि गाळाची जमीन जास्त आहे. गंगेच्या खोऱ्यातला प्रदेश त्यात येतो, तेव्हा नवल नाही. म्हणजे दोन्ही गट सारखे नाहीत, ही परीक्षकाची तक्रार खरीच आहे. पण फरकाची दिशा पाहा. हलकी जमीन जमीनदारांना मिळाली, ही कहाणी खरी असती तर उलट चित्र दिसायला हवं होतं. निसर्गाचं माप जमीनदारी जिल्ह्यांच्या बाजूने झुकलेलं असूनही तिथलं उत्पन्न मागे पडलं आहे. तेव्हा जमिनीच्या कसामुळे हिशेबात चूक झालीच असेल, तर तिने जमीनदारीचं नुकसान कमी करून दाखवलं आहे. परीक्षकाला उत्तर देताना नुसतं ‘चूक नाही’ म्हणण्यापेक्षा ‘चूक असलीच तर ती कुठल्या बाजूला ओढते’ हे दाखवणं कितीतरी पटण्यासारखं असतं. अर्थात मोजता येतो तो पाऊस आणि मातीचा प्रकार. रयतेची उमेद किंवा जातींमधली ताणाताणी कुणी मोजली नव्हती, म्हणून हा युक्तिवाद एकटा पुरत नाही.

म्हणून त्यांनी एकमेकांना लागून असलेले, पण वेगवेगळ्या पद्धतींचे जिल्हे निवडून फक्त त्यांची तुलना केली. सीमेच्या अलीकडे-पलीकडे पाऊस आणि माती फारशी बदलत नाही. मोजलेल्या गोष्टींबरोबर न मोजलेल्याही बऱ्याचशा गोष्टी सारख्या असण्याची शक्यता वाढते. याची किंमतही आहे. जिल्हे थोडे उरतात, आणि थोड्या जिल्ह्यांवरून काढलेला अंदाज डळमळीत असतो.

राहिली लांबलेल्या राजवटीची शंका. तिच्यासाठी त्यांनी इन्स्ट्रुमेंट वापरलं. इन्स्ट्रुमेंट म्हणजे अशी एखादी गोष्ट, जी कारण मानलेल्या घटकाला हलवते, पण परिणामापर्यंत दुसऱ्या कुठल्याही वाटेने पोचत नाही. घटकातला जेवढा भाग तिच्यामुळे हलला, तेवढ्याचाच परिणाम मग मोजायचा. इथे ती गोष्ट म्हणजे काळाचा एक पट्टा: जिल्हा 1820 ते 1856 च्या दरम्यान इंग्रजांच्या हाती आला की नाही. या पट्ट्यात रयतवारी आणि गावपद्धतीची चलती होती. आधी जमीनदारीची होती, आणि 1857 नंतर पुन्हा जमीनदारांना जवळ करण्याचं धोरण आलं.

परीक्षक लगेच म्हणेल की ताब्यात येण्याचं साल स्वतःच संशयास्पद आहे. जो जिल्हा आधी आला तो श्रीमंत असेल, जो उशिरा आला तो दूरचा असेल, आणि राजवटीची लांबी तर सालावरूनच ठरते. उत्तराची सगळी ताकद इथे आहे. राजवट जितकी लांब तितकं नुकसान, ही कहाणी एका दिशेने चालते: सर्वांत जुने जिल्हे सर्वांत वाईट, मधले मध्यम, नंतरचे सर्वांत बरे. पट्ट्याचा अंदाज वेगळा आहे. त्यात मधले जिल्हे बरे निघायला हवेत आणि दोन्ही टोकांचे मागे. राजवटीची लांबी मॉडेलमध्ये वेगळी घालूनही असा मध्येच उंचावलेला आकार दिसला, तर लूट किती वर्षं चालली यावरून त्याचा उलगडा होत नाही. निबंधात या मार्गाने आलेला फरक साध्या तुलनेपेक्षा मोठाच निघाला, मात्र त्याची अनिश्चितताही वाढली. इन्स्ट्रुमेंटच्या वाटेने गेलं की असं बहुधा होतंच, आणि पत्रात दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

हे इन्स्ट्रुमेंट सगळीकडे लागू पडत नाही, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, म्हणजे पुणे आणि नगर तारखेने पट्ट्याच्या बाहेर राहतात, तरी तिथे रयतवारी आली. नागपूर 1854 मध्ये खालसा झालं, म्हणजे ते पट्ट्याच्या आत पडतं, पण तिथला बंदोबस्त उठावानंतर झाला आणि मालगुजारांना मालकी मिळाली. अशा अपवादांनी इन्स्ट्रुमेंट खोटं ठरत नाही. सरासरीने ते घटकाला पुरेसं हलवतं का, एवढंच पाहायचं असतं आणि ते मोजता येतं. जे मोजता येत नाही ते दुसऱ्या अटीबद्दल असतं: या पट्ट्यात आलेले जिल्हे दुसऱ्या कुठल्या कारणाने वेगळे होते का? पंजाब 1849 चा आहे. त्याचे कालवे, त्याची हरितक्रांती सगळ्यांना माहीत आहे. मी परीक्षक असते तर पंजाब-हरियाणा वगळून काय उरतं, हे विचारल्याशिवाय पुढे गेले नसते.

ही शंका आणखी एका कारणाने बळकट होते. लेखकांनी दाखवलं की दोन प्रकारच्या जिल्ह्यांतलं अंतर मुख्यतः 1960 च्या दशकाच्या मध्यानंतर वाढत गेलं. सुधारित बियाणं, खतं आणि सरकारी योजना आल्यावर जमीनदारी नसलेल्या भागांनी त्यांचा जास्त फायदा घेतला, असा त्यांचा अर्थ. जमिनीच्या कसामुळे फरक असता तर तो आधीपासूनच दिसायला हवा होता, म्हणून हा पुरावा जुन्या शंकेचं खंडन करतो. पण तोच पुरावा नव्या शंकेला जागा देतो. नवं गव्हाचं बियाणं मुळातच ठरावीक हवामानाला आणि पाण्याच्या सोयीला मानवणारं होतं. तो प्रदेश योगायोगाने जमीनदारी नसलेला असेल, तर 1965 नंतर अंतर वाढण्याला जमीनदारीचा इतिहास लागतच नाही. एका शंकेला दिलेलं उत्तर दुसरीला बळ देतं का, हे पत्र पाठवण्याआधी लेखकाने स्वतः तपासायला हवं.

या निबंधाला सर्वांत गंभीर आव्हान मात्र वेगळ्याच बाजूने आलं. 2013 मध्ये आयव्हर्सन, पामर-जोन्स आणि सेन यांनी ‘जर्नल ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज’मध्ये तो पुन्हा तपासला. त्यांचा रोख मध्य प्रांतावर होता, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भासकट नर्मदेपर्यंतच्या आणि छत्तीसगडच्या मुलखावर. मूळ निबंधात तो जमीनदारीच्या बाजूला धरला होता. भोसल्यांच्या काळात मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा पाटील किंवा मक्तेदार. इंग्रजांनी त्याला मालक केलं खरं, पण त्याच बंदोबस्तात कुळांनाही संरक्षण मिळालं. मलिक-मकबुजा म्हणवणारे कसणारे आपापल्या शेताचे मालकच होते, आणि बऱ्याच कुळांचा खंड मालगुजाराने नव्हे तर बंदोबस्त अधिकाऱ्याने ठरवायचा होता. हा माणूस बंगालच्या जमीनदारापेक्षा फार वेगळा होता. या तिघांचं म्हणणं असं की मध्य प्रांताची वर्गवारी दुरुस्त केली की जमीनदारीच्या दुष्परिणामाचा निष्कर्ष टिकत नाही.

घटक जिल्ह्यांच्या वाट्याला कसा आला, यावर एवढा काथ्याकूट झाल्यावर तो घटक नीट मोजला होता का, हा प्रश्न समोर आला. ही दोन कामं वेगळी आहेत, तरी मोजमापाची चूक पहिल्या कामातही शिरते. मधल्या प्रकारचा, त्यातही कोरडवाहू आणि जंगलपट्ट्याचा मोठा प्रदेश एका बाजूला टाकला, की त्या बाजूची सरासरी त्याच्या मातीनेही खाली येते. परीक्षकाला उत्तर देणाऱ्याने म्हणून वर्गवारीचं कोष्टक आणि सीमेवरच्या जिल्ह्यांबाबत घेतलेले निर्णय पत्राला जोडावेत. आणि हे निर्णय उलटे घेतले तर आकडा किती हलतो, तेही करून दाखवावं.

आज कुणाला हा प्रश्न नव्याने हाती घ्यायचा असेल, तर मला वर्धा नदीचे दोन काठ सुचतात. पश्चिमेला वऱ्हाड, जे निजामाने 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं आणि जिथे मुंबईच्या धर्तीवर शेतवार मोजणी होऊन रयतवारी आली. पूर्वेला नागपूरचं राज्य, वर्षभरातच खालसा झालेलं आणि नंतर मालगुजारीत गेलेलं. ताब्यात येण्याचं साल जवळजवळ एकच असल्यामुळे राजवटीच्या लांबीचा प्रश्न मिटतो. नदीच्या दोन्ही अंगांना काळी जमीन आणि कापूस आहे. पूर्वेकडे पुढे गेलं की पाऊस वाढतो आणि धान सुरू होतं, म्हणून तुलना नदीलगतच्या तालुक्यांपुरतीच ठेवावी लागेल. मालगुजारी 1951 मध्ये संपली, तेव्हा त्याआधीची आणि नंतरची आकडेवारी वेगवेगळी पाहता येईल.

परीक्षक इथेही एक प्रश्न विचारेल, आणि तो रास्त असेल. नदी ही सरहद्द इंग्रजांनी साऱ्यासाठी आखलेली नव्हती. 1803 च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. म्हणजे रयतवारी येण्याआधी पन्नास वर्षं दोन्ही काठांवर वेगळी राजवट आणि वेगळी वसुली होती. आज पश्चिम काठ पुढे दिसला तर ती रयतवारीची करणी की त्या पन्नास वर्षांची? उत्तर देणाऱ्याला निजामाच्या आणि भोसल्यांच्या काळातले गावोगावचे वसुलीचे कागद काढून, 1853 च्या सुमाराला दोन्ही काठांवरची लागवड आणि साऱ्याचा बोजा किती होता, ते मांडावं लागेल. तेव्हाच फरक असेल, तर तो हिशेबातून वजा करून उरलेला आकडा द्यावा लागेल. आणि तो कमी भरला, तर निष्कर्षही तेवढाच आखूड लिहावा लागेल.